दुधी कडू लागला तर?

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घराघराच्या छपरावर दुधीचे आणि काकडीचे वेल चढलेले दिसतात. बी बहुधा घरचेच, मागच्या वर्षी राखलेले. गेल्या आठवड्यात एक आजोबा तपासायला आले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, यंदाचा दुधी कडू निघाला. म्हातारी म्हणते, टाकू नको. कारलं कडू असतंच की, ते आपण खातोच."

आजींचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण कारले आणि दुधी यांचा हिशेब वेगळा आहे. या कुळातल्या वेली किडी-जनावरांपासून बचावासाठी कडू द्रव्ये बनवतात. दुधी-काकडीतल्या अशा विषारी द्रव्यांना 'कुकुर्बिटासिन' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचेच बी राखून शेतकऱ्यांनी खाण्याच्या वाणांतून ती जवळजवळ घालवली. कारल्याचा कडूपणा मात्र त्याचा स्वभावच. तो जवळच्या पण वेगळ्या द्रव्यांचा असतो आणि भाजीपुरता बहुतेकांना सोसतो. म्हणून कडू कारले म्हणजे नेहमीचे कारले आणि कडू दुधी म्हणजे बिघडलेला दुधी.

मग घरच्या बियाण्याला कडू फळ कसे? आसपास रानकडू भोपळ्याचा वेल असेल, तर किडे त्याचे पराग आपल्या दुधीच्या फुलावर आणतात. त्या वर्षीचे फळ गोडच लागते. त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी येणारा वेल कडू निघू शकतो. तारपा करायला ज्या वेलाचा भोपळा राखला, त्याचे बी भाजीच्या बियाण्यात मिसळू नये हे बरे. काकडी पाण्याच्या ताणानेही कडू होते. देठाकडचे टोक कापून घासण्याची आपली रीत आहे, पण घासल्याने विष जात नाही. टोक कापल्यावर उरलेली काकडी कडूच लागली, तर फेकून द्यावी.

भाजीपेक्षा रसाची भीती जास्त. भाजीचा कडू घास माणूस थुंकतो. रस मात्र 'कडू ते औषध' म्हणून पेलाभर घटाघटा पोटात जातो. पुण्यात 2018 च्या जूनमध्ये एका महिलेने सकाळी दुधीचा रस घेतला. थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू झाले, आणि काही दिवसांत रुग्णालयात त्या दगावल्या. दिल्लीत 2010 साली एका शास्त्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. त्यांच्या रसात दुधीबरोबर कारलेही होते, आणि असा मिश्र रस कडू लागला तर दोष कारल्यावर जातो. म्हणून दुधीच्या रसात दुसरा रस घालू नये, असे मला वाटते.

चिरण्यापूर्वी प्रत्येक फळाची बारीक फोड जिभेवर ठेवून पाहा. एक गोड निघाले म्हणून दुसरे गोड असेलच असे नाही. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि फळ टाका. गुरांनाही घालू नका. शिजवून हे विष मरत नाही, मीठ-साखरेने फक्त चव लपते.

पोटात गेलेच आणि मळमळ, पोटात कळा, उलटी, जुलाब सुरू झाले, तर घरी थांबू नका. उलटीत रक्त किंवा भोवळ दिसली तर एक क्षणही नको. या विषावर उतारा नाही. सलाईन देऊन रक्तदाब सावरणे आणि पोटातला रक्तस्राव आवरणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते, आणि ते वेळेवर व्हावे लागते. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. 'दुधी खाल्ला, तो कडू होता' हे आधी सांगा, आणि उरलेली फोड बरोबर न्या.

आजोबांना मी एवढेच विचारले, "त्या वेलाचे बी राखले आहे का?" ते म्हणाले, "राखलंय, चुलीवर टांगलंय." ते घरी जाऊन चुलीतच घालायला सांगितले.