व्यापक मापन (पुंज यामिकी)

व्यापक मापन किंवा धन कारक मापन (संक्षेपात पीओव्हीएम) ही पुंज यामिकीतील मापनाची सर्वांत व्यापक गणिती मांडणी आहे. तिच्यात मापनाच्या प्रत्येक संभाव्य निष्पत्तीला एक धन कारक जोडलेला असतो आणि या सर्व कारकांची बेरीज एकक कारकाइतकी असते. पाठ्यपुस्तकांत प्रथम शिकवले जाणारे प्रक्षेपी मापन हा या मांडणीचा एक विशेष प्रकार होय. एकाच क्युबिटवरसुद्धा काही व्यापक मापने अशी आहेत, की त्यांचे काम कोणतेही प्रक्षेपी मापन करू शकत नाही. परस्परांना लंब नसलेल्या दोन अवस्थांची निःसंदिग्ध ओळख हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे आणि प्रस्तुत लेखात तेच सविस्तर दिले आहे.

## व्याख्या

क्युबिटची अवस्था |ψ⟩ ही द्विमितीय संमिश्र सदिश अवकाशातील एकक लांबीचा सदिश असते. या अवकाशातील कारक २×२ सारणीने लिहिता येतो. निष्पत्ती k मिळण्याची संभाव्यता पुढीलप्रमाणे काढतात :

p(k) = ⟨ψ|E_k|ψ⟩

संभाव्यता कधीही ऋण असू शकत नाही, म्हणून प्रत्येक E_k धन असावा लागतो. म्हणजेच त्याची आयगेन मूल्ये शून्य किंवा त्याहून मोठी असावी लागतात. काहीतरी निष्पत्ती मिळणारच, म्हणून ΣE_k = I ही दुसरी अट येते. या दोन अटींखेरीज तिसरी अट नाही.

प्रक्षेपी मापनात याहून कडक अट असते : प्रत्येक कारक प्रक्षेप असावा (E_k² = E_k) आणि भिन्न निष्पत्तींचे प्रक्षेप परस्परांना लंब असावेत. द्विमितीय अवकाशात परस्परांना लंब अशा दोनच दिशा असतात. त्यामुळे क्युबिटवरील प्रक्षेपी मापनाला जास्तीत जास्त दोन निष्पत्ती असू शकतात. व्यापक मापनात मात्र निष्पत्तींची संख्या अवकाशाच्या मितीने बांधलेली नसते.

## दोन अवस्थांची निःसंदिग्ध ओळख

एखाद्याने क्युबिट |0⟩ या अवस्थेत किंवा |+⟩ = (|0⟩ + |1⟩)/√2 या अवस्थेत तयार करून पाठवला आहे, आणि दोन्ही शक्यता समसमान आहेत, असे मानू. या दोन अवस्थांचा अंतर्गुणाकार s = 1/√2 ≈ ०.७०७ इतका आहे. तो शून्य नसल्यामुळे त्या प्रत्येक वेळी अचूक ओळखता येत नाहीत. म्हणून अट अशी घालू, की उत्तर दिलेच तर ते कधीही चुकीचे नसावे. मात्र ‘ठरवता येत नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी.

### प्रक्षेपी मापनाने

मापन |0⟩, |1⟩ या आधारात केले आणि १ ही निष्पत्ती मिळाली, तर पाठवलेली अवस्था |0⟩ नव्हती हे निश्चित होते. म्हणजे ती |+⟩ होती. परंतु ० मिळाल्यास काहीच सांगता येत नाही. |+⟩ पाठवली असता १ मिळण्याची संभाव्यता १/२ असते आणि |+⟩ निम्म्या वेळाच पाठवली जाते. म्हणून निश्चित उत्तर सरासरी २५ टक्के वेळा मिळते. |+⟩, |−⟩ या आधारात हेच उलट घडते : |−⟩ मिळाल्यास अवस्था |0⟩ होती हे ठरते आणि यशाचे प्रमाण पुन्हा २५ टक्केच राहते. एका आधारात एकाच अवस्थेची खात्री होऊ शकते, दुसरीची कधीच नाही. नाणे उडवून दोहोंपैकी एक आधार निवडल्यास दोन्ही अवस्थांना संधी मिळते, पण एकूण यश २५ टक्क्यांपलीकडे जात नाही.

### व्यापक मापनाने

तीन निष्पत्ती घेऊ : ‘|0⟩ होती’, ‘|+⟩ होती’ आणि ‘अनिर्णीत’. पहिल्या उत्तरात चूक होऊ नये म्हणून E₁ हा |+⟩ वर शून्य संभाव्यता देणारा हवा, म्हणजे तो |−⟩ च्या दिशेत हवा. त्याच कारणाने E₂ हा |1⟩ च्या दिशेत हवा. दोन्ही अवस्थांना समान वागणूक देऊन पुढीलप्रमाणे लिहू :

E₁ = a |−⟩⟨−|
E₂ = a |1⟩⟨1|
E₃ = I − E₁ − E₂

येथे a शक्य तितका मोठा घ्यायचा आहे. a = १ घेतल्यास यश ५० टक्के होईल असे वाटते; परंतु तसे केल्यास E₃ चे एक आयगेन मूल्य −०.७०७ येते, म्हणजे काही अवस्थांसाठी ‘अनिर्णीत’ निष्पत्तीची संभाव्यता ऋण ठरते. असे मापन अस्तित्वात असू शकत नाही. |−⟩⟨−| + |1⟩⟨1| या बेरजेचे मोठे आयगेन मूल्य 1 + 1/√2 असल्यामुळे a ची कमाल मर्यादा पुढीलप्रमाणे ठरते :

a = 1/(1 + 1/√2) = 2 − √2 ≈ ०.५८६

या मूल्याला |0⟩ पाठवली असता E₁ ची संभाव्यता a/2 ≈ ०.२९३ येते आणि |+⟩ पाठवली असता E₂ चीही तेवढीच येते. म्हणजे निश्चित उत्तर २९.३ टक्के वेळा मिळते. त्यात चूक होत नाही आणि दोन्ही अवस्था सारख्याच प्रमाणात ओळखल्या जातात. उरलेल्या ७०.७ टक्के वेळा निष्पत्ती अनिर्णीत असते.

सर्वसाधारणपणे समसंभाव्य अवस्थांसाठी यशाची कमाल मर्यादा १ − s इतकी असते. इवानोविच यांनी १९८७ मध्ये हा प्रश्न मांडला. डीक्स आणि पेरेस यांनी १९८८ मध्ये ही मर्यादा काढली. म्हणून तिला तिघांच्या नावांनी ओळखले जाते.

## नायमार्कचे प्रमेय आणि प्रत्यक्ष रचना

व्यापक मापन हे पुंज यामिकीच्या नियमांबाहेरचे नाही. मार्क नायमार्क यांच्या १९४० च्या प्रमेयानुसार कोणतेही व्यापक मापन मोठ्या अवकाशातील प्रक्षेपी मापन म्हणून करता येते. वरील उदाहरणात |0⟩ आणि |1⟩ यांच्या जोडीला |2⟩ ही एक जादा दिशा घेऊन पुढील तीन सदिश लिहिता येतात (आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत) :

- ‘|0⟩ होती’ : (०.५४१, −०.५४१, −०.६४४)
- ‘|+⟩ होती’ : (०, ०.७६५, −०.६४४)
- ‘अनिर्णीत’ : (०.८४१, ०.३४८, ०.४१४)

हे सदिश एकक लांबीचे व परस्परांना लंब आहेत, हे गुणाकार करून पडताळता येते. आलेल्या क्युबिटचा |2⟩ दिशेतील घटक शून्य असतो, म्हणून संभाव्यता काढताना प्रत्येक सदिशाचे पहिले दोन घटकच उपयोगी पडतात. |0⟩ साठी पहिल्या घटकांचे वर्ग घेतले, की ०.२९३, ० आणि ०.७०७ या वरच्याच संभाव्यता मिळतात. तीन सदिशांच्या द्विमितीय छाया परस्परांना लंब नाहीत. त्या छायांपासूनच E₁, E₂, E₃ तयार होतात.

प्रयोगशाळेत क्युबिट म्हणून फोटॉनचे ध्रुवीकरण वापरल्यास फोटॉनचा दुसरा मार्ग ही जादा दिशा होऊ शकते. हुटनर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आणि क्लार्क व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ध्रुवीकृत प्रकाशावर अशी निःसंदिग्ध ओळख करून दाखवली. यंत्रणा नीट जुळली आहे की नाही हे तपासण्याची कसोटी सोपी आहे : केवळ |0⟩ पाठवून ‘|+⟩ होती’ दर्शवणारा शोधक किती वेळा वाजतो ते मोजायचे. आदर्श स्थितीत ही संख्या शून्य असते. प्रत्यक्षात ध्रुवीकरणातील त्रुटी आणि शोधकाचे अंधारातील ठोके यांमुळे ती शून्याहून थोडी अधिक येते. हरवलेले फोटॉन ‘अनिर्णीत’ या गटात मिसळू नयेत म्हणून त्या निष्पत्तीसाठीही स्वतंत्र शोधक ठेवावा लागतो.

## गुप्तकी वितरणातील परिणाम

चार्ल्स बेनेट यांनी १९९२ मध्ये परस्परांना लंब नसलेल्या दोनच अवस्था वापरून गुप्तकी वाटण्याची पद्धत मांडली. तिच्यात स्वीकारणारा दोन आधारांपैकी एक यादृच्छिकपणे निवडतो. वरील दोन अवस्था वापरल्यास त्याला २५ टक्के वेळा निश्चित उत्तर मिळते. मात्र चोरून ऐकणारी व्यक्ती व्यापक मापन करू शकते. तिने २९.३ टक्के वेळा अवस्था निश्चित ओळखून तशीच नवी अवस्था पुढे पाठवली आणि बाकीच्या वेळी काहीच पाठवले नाही, तर स्वीकारणाऱ्याला फक्त फोटॉन हरवल्याचे दिसते. त्याच्या उत्तरांत एकही चूक येत नाही. तंतुमार्गातून मुळातच २९.३ टक्क्यांहून कमी फोटॉन पोहोचत असतील, तर ही गळती नेहमीच्या हानीत लपून जाते आणि संपूर्ण गुप्तकी फुटते. म्हणून या पद्धतीत केवळ चुकांचे प्रमाण मोजून भागत नाही. मार्गातील हानीवर लक्ष ठेवावे लागते किंवा प्रत्येक संकेतासोबत दडपता न येणारा तीव्र संदर्भ स्पंद पाठवावा लागतो.

## मर्यादा

प्रत्येक व्यापक मापन प्रक्षेपी मापनाच्या पलीकडे जात नाही. उदाहरणार्थ, |0⟩, |1⟩ आधारातील उत्तर दहा टक्के वेळा उलटे नोंदवणारा सदोष शोधक व्यापक मापनाच्याच भाषेत लिहावा लागतो. पण त्याचे अनुकरण प्रक्षेपी मापन आणि नाणेफेक यांनी करता येते. वरील तीन कारकांचे मापन असे नाही. त्यातील प्रत्येक कारक एकाच दिशेचा आहे आणि तिन्ही कारक रेषीयदृष्ट्या स्वतंत्र आहेत. असे मापन इतर मापनांचे मिश्रण म्हणून लिहिता येत नाही. क्युबिटवरील अशा अविभाज्य मापनांना जास्तीत जास्त चार निष्पत्ती असतात.

उद्दिष्ट बदलल्यास व्यापक मापनाचा फायदा नाहीसाही होतो. प्रत्येक वेळी उत्तर देणे बंधनकारक असेल आणि चुका किमान ठेवायच्या असतील, तर दोन अवस्थांसाठी हेल्स्ट्रॉम यांचे प्रक्षेपी मापनच सर्वोत्तम ठरते. वरील अवस्थांत ते ८५.४ टक्के वेळा बरोबर उत्तर देते. निःसंदिग्ध ओळखीतही दोन्ही अवस्थांची पूर्वसंभाव्यता समान नसेल, तर a ऐवजी दोन वेगळी गुणके घ्यावी लागतात. येथील उदाहरणात कमी संभाव्य अवस्थेची संभाव्यता १/३ किंवा त्याहून कमी झाली, की तिचे गुणक शून्य होते. मग तिची ओळख सोडून देऊन फक्त दुसरीची खात्री करणारे प्रक्षेपी मापनच इष्टतम राहते. १/३ या सीमेवर दोन्ही पद्धतींचे यश ३३.३ टक्के, म्हणजे समान येते.

व्यापक मापनाचे कारक केवळ निष्पत्तींच्या संभाव्यता सांगतात. मापनानंतर क्युबिट कोणत्या अवस्थेत राहील हे त्यांवरून ठरत नाही. ते प्रत्यक्ष यंत्ररचनेवर अवलंबून असते. प्रक्षेपी मापन लगेच पुन्हा केल्यास तेच उत्तर मिळते. येथे तशी हमी नसते.