पंधरा मीटरवरून वाचायचा फळा

चाकण, भोसरी किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या यंत्रशाळेत शिरलात, तर लाइनच्या डोक्यावर टांगलेला एखादा मोठा टीव्ही हमखास दिसतो. शिफ्टचं टार्गेट किती, जॉब किती झाले, लाइन चालू आहे की थांबली, हे त्यावर आपोआप बदलत राहतं. हा फळा बनवणं फार महाग नाही. एक टीव्ही, त्याच्या मागे चिकटवलेला छोटा संगणक, मशीनवरचा सेन्सर आणि कारखान्यातलं नेटवर्क एवढ्यावर काम भागतं. तरीही असे बरेच फळे काही महिन्यांत भिंतीवरची शोभा होऊन बसतात. ऑपरेटर त्यांच्याकडे बघायचं सोडून देतो, आणि त्याला कारणं असतात.

पहिलं कारण अंतराचं आहे. फळा तयार करणारा माणूस टेबलावर बसून, हातभर अंतरावरच्या पडद्यावर तो तयार करतो. तिथे बारा आकडे, दोन आलेख, महिन्याचा तक्ता आणि कंपनीचं बोधचिन्ह असं सगळं छान मावतं. पण लाइनच्या शेवटच्या मशीनवर उभा असलेला माणूस त्या टीव्हीपासून पंधरा मीटर लांब असतो. अक्षर विनासायास वाचता यावं यासाठी त्याची उंची अंतराच्या साधारण एकशेसत्तराव्या भागाइतकी तरी हवी, असा हिशेब आहे. म्हणजे पंधरा मीटरसाठी जवळपास ९ सेंटिमीटर. हा हिशेब शांतपणे उभं राहून बघणाऱ्याचा आहे. डोळ्यांवर तेलकट झालेला गॉगल, हातात जॉब आणि मान वळवायला जेमतेम एक क्षण, अशी स्थिती असेल तर मी दीडपट धरतो: १३ सेंटिमीटर.

आता ५५ इंची टीव्ही घ्या. त्याच्या पडद्याची उंची भरते ६८ सेंटिमीटर. १३ सेंटिमीटरचा आकडा आणि त्याच्या वर-खाली मोकळी जागा मिळून एका ओळीला २१ सेंटिमीटर लागतात. पडद्यावर बसतात तीन ओळी. चौथी बसवायची तर बाकीच्या तीन बारीक कराव्या लागतात आणि मग एकही धड वाचता येत नाही. फळ्यावर काय असावं याची चर्चा बैठकीत तासभर चालते; भिंतीपासूनचं अंतर मोजलं तर ती पाच मिनिटांत संपते.

देवनागरीत लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. उकार आणि ऊकार ओळीच्या खाली जातात, वेलांटी आणि मात्रा वर, त्यामुळे त्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर बारीक होतं. ‘निर्धारित लक्ष्य’ असं लिहिलं की लांबून जोडाक्षरांचा गिचका दिसतो. ‘टार्गेट’, ‘झाले’, ‘चालू’, ‘बंद’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडात आहेत आणि लांबूनही वेगळे ओळखू येतात. आकड्यांसाठी फॉन्ट असा घ्यावा की ज्यात प्रत्येक अंकाला सारखीच जागा मिळते. नाहीतर १११ चे ११२ होताना अख्खी ओळ हलते आणि नजर उगाच तिकडे खेचली जाते.

रंगांचंही असंच. औद्योगिक दिव्यांच्या रंगांचे अर्थ आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत: लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडतंय, हिरवा म्हणजे ठीक. मशीनवरचा तीन दिव्यांचा खांब हीच भाषा बोलतो, तेव्हा भिंतीवरच्या फळ्यानं दुसरी बोलू नये. पण माझं मत त्याच्या पुढचं आहे. सगळं ठीक असताना फळ्यावर रंगच नसावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे पुरेत. दिवसभर हिरवं, लाल, पिवळं लुकलुकत राहिलं तर दुपारी खरोखर लाल झालेली ओळ कुणाच्या लक्षात येणार? शिवाय काही पुरुषांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. लाइन थांबली की पट्टी लाल व्हावी आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बंद’ असं उमटावं.

तीन ओळींत काय लिहायचं? पहिल्या ओळीत आत्तापर्यंत किती व्हायला हवे होते, दुसरीत किती झाले आणि तिसरीत लाइनची स्थिती. पहिली ओळ वरवर सोपी वाटते, पण फळ्यावरचा विश्वास बहुतेक वेळा तिथेच उडतो. एक उदाहरण आकडेमोड करून बघू.

सकाळी सातची पाळी, आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. नऊ वाजता दहा मिनिटं चहा, अकरा ते साडेअकरा जेवण, एक वाजता पुन्हा दहा मिनिटं चहा. सुट्टीची ५० मिनिटं वजा केली की कामाची ४३० उरतात. एका जॉबला ४३ सेकंद लागत असतील तर पाळीचं टार्गेट बरोबर ६०० येतं. इथवर सगळं ठीक. आता फळा बनवणाऱ्यानं ६०० जॉब ४८० मिनिटांवर सरळ वाटले, चहा आणि जेवण धरलंच नाही, तर काय होतं? अकरा वाजता २४० मिनिटं झालेली असतात, म्हणजे फळा म्हणतो ३०० हवेत. लाइननं ३१८ केलेत. अठरा पुढे! सगळे जेवायला जातात, साडेअकराला परत येतात. जॉब ३१८ च आहेत, पण आता फळ्यावरचं टार्गेट झालंय ३३७ आणि लाइन एकोणीस मागे. मधल्या काळात कुणी काहीही चुकीचं केलेलं नाही, माणसं फक्त जेवून आली. खरा हिशेब असा, की अकरा वाजेपर्यंत प्रत्यक्ष कामाची २३० मिनिटं झाली आणि त्यात ३२० जॉब व्हायला हवे होते. लाइन दोननं मागे होती. जेवणाआधीही आणि जेवणानंतरही. सुट्टीत टार्गेटचा आकडा थांबलाच पाहिजे. रोज जेवून आल्यावर लाल फळा पाहणारी माणसं आठवड्याभरात त्याच्याकडे पाठ फिरवतात, आणि मग खरोखर वीस जॉब मागे पडले तरी कुणी वर बघत नाही.

आता आपोआप बदलण्याबद्दल, कारण सगळ्यात घातक चूक तिथे लपलेली असते. सोपा उपाय म्हणून पुष्कळ जण पडद्यावरचं अख्खं पान दर दहा सेकंदांनी नव्यानं उघडायला लावतात. त्यात पडदा दर वेळी क्षणभर पांढरा होतो, आणि नेमक्या त्या क्षणी नेटवर्क गेलं तर पानाच्या जागी ब्राउझरची चुकीची सूचना येते. आपोआप पुन्हा उघडण्याची आज्ञा त्या मूळ पानातच होती, त्यामुळे नेटवर्क परत आलं तरी ती सूचना तशीच राहू शकते. मग कुणीतरी शिडी लावून वर चढतं. म्हणून पान जागेवर ठेवून त्यातले आकडे तेवढे मागून आणावेत. एका जॉबला ४३ सेकंद लागत असतील तर दहा सेकंदांनी एकदा आणणं भरपूर झालं.

पण यानं दुसरा, जास्त वाईट प्रश्न उभा राहतो. नवा आकडा आलाच नाही तर पडद्यावर जुना तसाच टिकून राहतो, ठसठशीत आणि पांढराशुभ्र. लाइन वीस मिनिटं बंद आहे आणि फळा ‘चालू’ सांगतोय. किंवा लाइन धावतेय, पण सेन्सरची वायर सुटल्यानं आकडा २४२ वर अडकलाय आणि सुपरवायझर ऑपरेटरला जाब विचारतोय. ‘जॉब होत नाहीत’ आणि ‘बातमी येत नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. कोपऱ्यात घड्याळ लावून उपयोग नाही. ते टीव्हीमागच्या संगणकाचं असतं आणि बातमी तुटली तरी मजेत चालत राहतं.

उपाय असा. जॉब होवो न होवो, मशीनजवळच्या यंत्रणेनं दर दहा सेकंदांनी जॉबच्या आकड्यासोबत एक वेगळा, सतत वाढणारा अंक पाठवायचा. त्याला ठोका म्हणू. फळ्यानं त्या ठोक्यावर नजर ठेवायची. ठोका वाढतोय पण जॉब वाढत नाहीत, म्हणजे लाइन खरोखर थांबली. ठोकाच एक मिनिटभर वाढला नाही, म्हणजे फळा आंधळा झाला. तेव्हा आकडे करडे करून त्यांच्यावर ‘माहिती येत नाही, शेवटची ११:४२’ असं लिहावं. हे मिनिट मोजणारं काम आकडे आणणाऱ्या कामापासून वेगळं ठेवावं लागतं. उत्तराची वाट बघत पहिलं काम अडकून बसलं, तरी दुसऱ्यानं बोंब मारली पाहिजे.

यालाही मर्यादा आहे. ठोका सांगतो की यंत्रणा जिवंत आहे. सेन्सर खरं बघतोय की नाही हे तो सांगत नाही. मशीनच्या कडेला बसवलेल्या सेन्सरवर लोखंडाचा कीस साचला तर ठोका नियमित पडतो आणि मोजणी मात्र चुकते. त्याला एकच औषध: पाळी संपताना ट्रेमधले जॉब हातानं मोजून फळ्याशी ताडून बघणं. दोन आकड्यांत रोज फरक येत असेल तर आधी सेन्सर पुसा, सॉफ्टवेअर नंतर.

टीव्ही टांगतानाच्या दोन गोष्टी थोडक्यात. घरगुती टीव्ही बऱ्याचदा काही तास रिमोट दाबला नाही की आपोआप बंद होतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावी. आणि छतातल्या पारदर्शक पत्र्यांकडे तोंड करून तो लावू नये, दुपारी पडदा आरसा होतो. जागा ठरवायची तर भर दुपारी, ऑपरेटर उभा राहतो तिथे जाऊन ठरवावी.

या सगळ्याचं मूळ जपानमध्ये आहे. साकिची टोयोडांनी १९२४ साली पूर्ण केलेला माग धागा तुटला की स्वतः थांबायचा. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत हाच विचार माणसांपर्यंत आला. अडचण आली की कामगार दोरी ओढतो, वर टांगलेल्या फळ्यावर त्याच्या जागेचा नंबर उजळतो आणि टीम लीडर धावत त्याच्याकडे जातो. त्या फळ्यावर आलेख नसतो, टक्केवारी नसते. कुठे जायचं एवढंच असतं, आणि तो दिवा मदत मागण्यासाठी असतो, दोष देण्यासाठी नाही. आपल्याकडे मात्र याच फळ्यावर ऑपरेटरचं नाव आणि त्याची टक्केवारी झळकवायचा मोह होतो. तसं केलं की लोक लाइन बंद असल्याचं लपवायला शिकतात, आणि मग आकडा कितीही मोठा असला तरी खोटाच असतो.

तुमच्या कारखान्यात असा फळा असेल तर उद्या एक करा. पाळी चालू असताना मशीनजवळच्या यंत्रणेची नेटवर्कची केबल काढा, एक मिनिट थांबा आणि लाइनच्या शेवटच्या मशीनपाशी उभं राहून वर बघा. फळ्यावर काहीच बदललं नसेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा.