एकमेकांवर चढणारे दोन तुकडे

स्पार्स टेबल ही न बदलणाऱ्या आकड्यांच्या यादीसाठी केलेली तयारी आहे. यादीतल्या कोणत्याही सलग पट्ट्यातला सर्वांत लहान आकडा कोणता, हे वारंवार विचारले जाणार असेल तर ती उपयोगी पडते. एकदा तक्ता तयार झाला की पट्टा दहा आकड्यांचा असो वा दहा लाखांचा, उत्तराला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

प्रत्येक पट्ट्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले तर दहा लाख आकड्यांसाठी सुमारे ५० हजार कोटी नोंदी होतील. स्पार्स टेबल फक्त १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढणाऱ्या लांबीच्या तुकड्यांचे किमान साठवते. त्यामुळे २० ओळी आणि दोन कोटींहून कमी नोंदी पुरतात. चारच्या तुकड्याचे किमान काढायला त्यातले चारही आकडे पाहावे लागत नाहीत. दोन-दोनच्या शेजारच्या तुकड्यांची उत्तरे तयारच असतात, त्यांतले लहान ते घ्यायचे.

पुढील यादीत स्थाने ० पासून मोजली आहेत: ३१, २७, ४५, २२, ३८, २९, २४, ४१, १९, ३५. स्थान २ ते ७ या पट्ट्यात सहा आकडे आहेत. सहात मावणारी दुपटीची सर्वांत मोठी लांबी चार. म्हणून चारचा एक तुकडा डाव्या टोकापासून (२ ते ५) आणि दुसरा उजव्या टोकाला भिडवून (४ ते ७) घेतात. त्यांची किमाने २२ आणि २४, म्हणून उत्तर २२. `t[k][i]` म्हणजे स्थान `i` पासूनच्या `2^k` लांबीच्या तुकड्याचे किमान, आणि `2^k` ही पट्ट्यात मावणारी सर्वांत मोठी लांबी धरली, तर `l` ते `r` या पट्ट्याचे उत्तर असे:

```
min(t[k][l], t[k][r - 2^k + 1])
```

या रीतीचे सारे मर्म इथेच आहे. स्थाने ४ आणि ५ दोन्ही तुकड्यांत आली, पण तोच आकडा दोनदा पाहिल्याने किमान बदलत नाही. बेरजेचे तसे नाही: खरी बेरीज १९९, तर या दोन तुकड्यांची २६६ भरते, कारण ३८ आणि २९ दोनदा मोजले जातात. महत्तम साधारण विभाजकाला मात्र ही पुनरुक्ती चालते.

प्रोग्राम लिहिताना सूत्रातला शेवटचा `+ 1` हमखास निसटतो. मग उजवा तुकडा एक घर डावीकडे सरकतो आणि शेवटचा आकडा सुटतो. बऱ्याच प्रश्नांची उत्तरे तरीही बरोबर येत राहतात, म्हणून ही चूक लवकर कळत नाही. एकाच स्थानाचा पट्टा विचारला की ती उघडी पडते: ७ ते ७ ला ४१ ऐवजी २४ येते. स्थान ८ वर तपासले तर मात्र १९ हे बरोबरच उत्तर मिळते, तेव्हा सर्व स्थाने तपासलेली बरी.

यादीतला एक आकडा बदलला की तो ज्या ज्या तुकड्यांत आहे त्या सगळ्यांच्या नोंदी तपासाव्या लागतात, आणि लांब तुकड्यांच्या ओळींत त्या हजारोंनी असू शकतात. आकडे सतत बदलणार असतील तर सेगमेंट ट्री बरे: त्यात उत्तराला थोडा जास्त वेळ लागतो, पण दहा लाखांच्या यादीतला बदल विसेक पायऱ्यांत आटोपतो.