टनेल चालू, पण उत्तर येईना

समजा, नाशिकच्या एका कार्यालयाने हिशेबाचं सॉफ्टवेअर अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर नेलं. कार्यालयातल्या संगणकांचे पत्ते `192.168.10.0/24` या गटातले. क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कचे, म्हणजे व्हीपीसीचे, `10.20.0.0/16` या गटातले. हे दोन गट वेगळे आहेत ना, ते आधी पाहावं. पत्ते सारखेच निघाले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

जोडणी तशी सरळ आहे. व्हीपीसीला व्हीपीएन गेटवे लावायचा, कार्यालयाच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता क्लाउडला द्यायचा आणि त्या राउटरमागे कोणता पत्तागट आहे, तेही जोडणीत नोंदवायचं. मग इंटरनेटवरूनच एन्क्रिप्टेड टनेल उभा राहतो. अ‍ॅमेझॉन प्रत्येक जोडणीला दोन टनेल देतं. एकाची देखभाल चालू असली, तर काम दुसऱ्यावरून चालतं.

पडद्यावर टनेलसमोर `Up` दिसतं, पण नाशिकहून `10.20.1.15` या सर्व्हरला पिंग केलं तर उत्तर येत नाही. इथे बहुतेक जण राउटरची सेटिंग्ज पुन्हा उलटीपालटी करू लागतात. मला हे चुकीचं वाटतं. आधी सर्व्हरवर हे चालवावं:

```
sudo tcpdump -n icmp
```

नाशिकचं पिंग इथे पोचताना आणि सर्व्हर उत्तर पाठवतानाही दिसलं, तर टनेल निर्दोष आहे. हरवतंय ते परतीचं पॅकेट.

कारण असं. प्रत्येक सबनेटला एक राउट टेबल असतं आणि सर्व्हरकडून निघालेलं पॅकेट कुठे न्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात `192.168.10.0/24` ची ओळच नसेल, तर पॅकेट टनेलकडे वळत नाही. टेबलात `0.0.0.0/0` इंटरनेट गेटवेकडे दाखवलेलं असेल तर ते तिकडे जातं, आणि खासगी पत्त्याचं असल्यामुळे तिथेच टाकून दिलं जातं.

उपाय म्हणजे त्या टेबलावर राउट प्रोपगेशन सुरू करणं. मग गेटवेला माहीत असलेले मार्ग टेबलात आपोआप उतरतात:

```
aws ec2 enable-vgw-route-propagation \
  --route-table-id rtb-… --gateway-id vgw-…
```

खरी मेख पुढे आहे. व्हीपीसीत एक मुख्य टेबल असतं आणि बऱ्याच सबनेटना वेगळं टेबल जोडलेलं असतं. प्रोपगेशन मुख्य टेबलावर केलं आणि सर्व्हरचं सबनेट दुसऱ्याच टेबलावर असलं, तर काहीही बदलत नाही. म्हणून आधी सबनेट उघडून त्याचं टेबल कोणतं ते पाहावं आणि बदल तिथेच करावा. थोड्या वेळाने त्या टेबलात `192.168.10.0/24` समोर `vgw-` ने सुरू होणारं नाव आणि `Propagated` खाली `Yes` दिसायला हवं.

पुढे कार्यालयाने `192.168.11.0/24` हा नवा गट सुरू केला, तर बीजीपीवर चालणाऱ्या जोडणीत राउटरने तो जाहीर केला की क्लाउडला आपसूक कळतो. स्टॅटिक जोडणीत मात्र तो व्हीपीएनच्या स्टॅटिक राउट्समध्ये हाताने घालावा लागतो.