104 टाक्यांचा गोल काउल

थंडीच्या सकाळी दुचाकीवर निघालं की मफलरची लोंबणारी टोकं सतत जॅकेटमध्ये खोचत राहावी लागतात. काउलला टोकंच नसतात. तो डोक्यातून घालून गळ्याशी बसवायचा लोकरीचा रुंद पट्टा असतो आणि त्याला कुठेही शिवण नसते, कारण तो पहिल्यापासून गोलच विणतात. सुलट आणि उलट हे दोन टाके येत असतील तर गोल विणकामाची सुरुवात काउलपासूनच करावी, असं माझं मत आहे. टोपीला वर टाके कमी करावे लागतात, मोज्याला टाच असते. इथे पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सुईवर 104 टाकेच राहतात, त्यामुळे काही चुकलं तर ते मोजणीत लगेच सापडतं.

मध्यम जाड लोकर साधारण 100 ग्रॅम घ्या. आपल्या दुकानांत लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. तेही चालेल, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका, विणलेला भाग कायमचा लुळा पडतो. रंग फिका निवडा, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. सुई 5.5 मिलिमीटरची, म्हणजे मधे लवचिक तार असलेली गोल सुई, टोकापासून टोकापर्यंत 60 सेंटिमीटर. ती खरेदी करताना मिलिमीटरच सांगा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं. म्हणून अमेरिकन नमुन्यातली 9 नंबरची सुई 5.5 मिलिमीटरची असते आणि ब्रिटिश 9 नंबरची 3.75 मिलिमीटरची. लांबीही महत्त्वाची आहे. आपल्या काउलचा घेर 65 सेंटिमीटर होणार, तो 80 सेंटिमीटरच्या सुईवर टोकापर्यंत पोचणारच नाही.

हा घेर 10 सेंटिमीटरमध्ये 16 टाके बसतील असं धरून काढला आहे. तुमचा हात सैल असेल आणि 14 बसले तर घेर 74 पर्यंत जाईल. घट्ट हाताने 18 बसले तर तो 58 वर येईल. दोन्ही काउल घालता येतील, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणला नाही तरी इथे बिघडत नाही. चौदाव्या फेरीनंतर पट्टी लावून मोजलं की पुरे.

आता सुईवर 105 टाके सैल घाला. एक जास्तीचा आहे, तो जोड देताना खर्च होईल. सगळे टाके सुईभर पसरा आणि सुई टेबलावर ठेवा. टाक्यांची खालची गाठींची कड पूर्ण वर्तुळभर आतल्या बाजूला आहे ना, हे बोट फिरवत तपासा. कुठेतरी ती सुईवरून वळसा घालून बाहेर आली असेल तर तिथे पीळ आहे. पिळासकट जोड दिला तर काउलमध्ये तो कायमचा राहतो. पहिल्या फेरीच्या शेवटी लक्षात आला तर जोडापाशी टाके सुईभोवती फिरवून तो तेवढ्या धाग्यापुरता दडवता येतो. त्यानंतर मात्र उसवण्याशिवाय इलाज नाही. म्हणून ही तपासणी जोडण्याआधी एकदा आणि पहिल्या फेरीनंतर एकदा करा.

जोडताना धागा लटकतोय ते टोक उजव्या हातात धरा. तिथला शेवटचा टाका डाव्या सुईवर सरकवा. उजव्या सुईत वेगळ्या रंगाच्या धाग्याचं छोटं कडं अडकवा, ही फेरीच्या सुरुवातीची खूण. मग सरकवलेला टाका आणि त्याच्या शेजारचा, असे दोन एकत्र सुलट विणा. वर्तुळ बंद झालं आणि हाच पहिल्या फेरीचा पहिला टाका.

फेरी 1: जोडाचा 1 टाका विणून झाला आहे. पुढे 1 सुलट, 2 उलट. मग (2 सुलट, 2 उलट) 25 वेळा. 104 टाके.
फेरी 2 ते 8: (2 सुलट, 2 उलट) 26 वेळा. 104 टाके.
फेरी 9 ते 14: सगळे सुलट. 104 टाके.
फेरी 15: सगळे उलट. 104 टाके.
फेरी 16: सगळे सुलट. 104 टाके.
फेरी 17: सगळे उलट. 104 टाके.
फेरी 18 ते 26: फेरी 9 ते 17 प्रमाणे. 104 टाके.
फेरी 27 ते 35: पुन्हा तसंच. 104 टाके.
फेरी 36 ते 41: सगळे सुलट. 104 टाके.
फेरी 42 ते 49: (2 सुलट, 2 उलट) 26 वेळा. 104 टाके.

सपाट विणताना एक सुई सुलट आणि एक सुई उलट घेऊन जी गुळगुळीत वीण येते, ती इथे नुसत्या सुलट फेऱ्यांनी येते, कारण काम कधी पलटत नाही आणि चांगली बाजू सतत तुमच्यासमोर असते. पण ही वीण कडेला गुंडाळते. म्हणूनच वर आणि खाली आठ-आठ फेऱ्यांची सुलट-उलट पट्टी आहे, ती कड सपाट धरते आणि गळ्याशी थोडी आवळतेही. मधल्या उलट फेऱ्यांच्या आडव्या रेघा खुणेपाशी एका फेरीने वरखाली दिसतील. ती चूक नाही. गोल विणकाम खरं तर वर चढत जाणारं मळसूत्र आहे, त्यात फेरीचा शेवट तिच्या सुरुवातीच्या वरच येतो. ती जागा घालताना मानेमागे ठेवा.

मोजणी कशी कामी येते ते पाहा. समजा, चौथ्या फेरीअखेर 105 टाके भरले. पट्टीत दोन-दोनचे गट आहेत, तेव्हा तीनचा गट शोधा. सुलटवरून उलटला जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरून आला की एक फुकटचा फास तयार होतो. तो तिसऱ्या फेरीत पडला असेल तर चौथीत विणला गेला असेल आणि त्याच्याखाली बारीक भोक दिसेल. तेवढा टाका सुईवरून सोडा. तो भोकापर्यंत उसवेल आणि तिथेच थांबेल, कारण त्याखाली टाकाच नाही. सुटलेला धागा शेजारच्या टाक्यांत ओढून वाटून टाका. उलट 103 भरले आणि खाली शिडीसारखे आडवे धागे दिसले, तर टाका निसटला आहे. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा फासातून ओढत तो वर आणा.

मधेच काम ठेवून पुन्हा हातात घेताना धागा उजव्या सुईच्या टोकाशी लटकतोय ना, एवढं बघा. तो डावीकडे असेल तर तुम्ही उलट दिशेने निघाला आहात. तसंच विणत गेलात तर त्या जागी भोक पडेल.

एकोणपन्नासाव्या फेरीनंतर उंची साधारण 21-22 सेंटिमीटर भरेल. टाके बंद करताना पट्टीची वीण मोडू नका, सुलटवर सुलट आणि उलटवर उलट विणा. दोन टाके विणले की मागचा पुढच्यावरून उचलून सोडा, मग आणखी एक विणून तेच करा. असं 103 वेळा केल्यावर सुईवर एक फास उरतो. धागा वीतभर ठेवून कापा, फासातून ओढा आणि शिवणाच्या जाड सुईने पहिल्या बंद टाक्याखालून नेऊन आतल्या बाजूला विणीत मुरवा. बंद करताना हात सैल ठेवा. कड घट्ट झाली तर काउल डोक्यातून जाणार नाही आणि ती कड उसवून पुन्हा बंद करावी लागेल. हात घट्टच असेल तर या शेवटच्या फेरीपुरती उजव्या हातात 6 मिलिमीटरची सुई घ्या.