साठ डॉलरचे किती रुपये?

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकलेलं सीताफळ दोन दिवसांत मऊ पडतं. ते टपालानं न्यू जर्सीला पाठवायचा विचारही कुणी करू नये. गोधडीचं तसं नाही. जुन्या सुती साड्यांचे थर, वर हाताचे धावदोऱ्याचे टाके, वजन दीड-दोन किलो. घडी घालून पार्सल केलं की महिनाभर वाटेत राहिलं तरी बिघडत नाही. अंबाजोगाईतल्या एखाद्या घरातल्या सासू-सुनांनी असा व्यवसाय सुरू केला असं समजू. माल जातो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मग प्रश्न उरतो तो पैशाचा: तिकडून निघालेले डॉलर इथल्या खात्यात रुपये होऊन पडेपर्यंत वाटेत कोण कोण किती घेतं?

त्यांच्याकडे दोन ऑर्डरी आल्यात असं धरू. एक साठ डॉलरची, एकच गोधडी, गिऱ्हाईक घरगुती. दुसरी नऊशे डॉलरची, एका छोट्या दुकानासाठी. त्या दिवशीचा बाजारातला मधला दर, म्हणजे इंटरनेटवर शोधलं की दिसतो तो, हिशेबाच्या सोयीसाठी ८५ रुपये धरू. म्हणजे काहीच कापलं गेलं नाही तर पहिल्या ऑर्डरीचे ५,१०० आणि दुसरीचे ७६,५०० रुपये व्हायला हवेत.

पहिला रस्ता सरळ बँकेचा. गिऱ्हाईक आपल्या बँकेतून स्विफ्टनं पैसे पाठवतं. हे पैसे दोन बँकांमध्ये थेट जात नाहीत, मध्ये एखादी तिसरी बँक असते आणि ती आपलं घेऊन पुढे सोडते. समजा तिनं १५ डॉलर कापले. साठातले ४५ उरले. आपली बँक डॉलर विकत घेते ती मधल्या दरानं नव्हे, स्वतःच्या खरेदी दरानं, तो ८४.१५ असेल तर झाले ३,७८७ रुपये. त्यातून चलन बदलण्यावरचा जीएसटी जातो. लाख रुपयांपर्यंत रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरून त्यावर १८ टक्के लावतात, म्हणून छोट्या रकमेलाही ४५ रुपये बसतातच. बँकेचं परदेशी पैसे जमा करण्याचं शुल्क जीएसटीसह २३६ धरलं तर हातात येतात ३,५०६. एक डॉलर ५८ रुपयांना पडला! हाच रस्ता नऊशे डॉलरला लावा: मधली बँक १५ घेईल, उरलेल्यांचे ७४,४७३ होतील, जीएसटी १३४ आणि शुल्क २३६ वजा जाऊन ७४,१०३ पडतील. इथे डॉलर ८२ रुपये ३४ पैशांना गेला. रस्ता तोच, बँक तीच, पण ठरावीक रकमेची कापणी छोट्या बिलाला खाते आणि मोठ्याला नुसती चाटून जाते.

दुसरा रस्ता पेपालचा. पेपालनं भारतातले देशांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून येणारे चालू ठेवले. शुल्क साधारण ४.४ टक्के आणि वर ३० सेंट, असं धरून चालू. शुल्कं बदलत असतात, तेव्हा दरपत्रकाचं पान एकदा उघडून बघावं. साठातले ५७ डॉलर ६ सेंट उरतात. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, पाच टक्केच तर गेले. खरी कापणी पुढे आहे. डॉलरचे रुपये करताना पेपाल आपला दर लावतं, आणि तो मधल्या दराच्या चार टक्के खाली धरला तर ८१.६० होतो. हातात ४,६५६ येतात, डॉलर ७७ रुपये ६० पैसे. बँकेपेक्षा कितीतरी बरं. पण नऊशेच्या ऑर्डरीला हाच हिशेब ७०,१८४ वर थांबतो, म्हणजे बँकेच्या रस्त्यापेक्षा जवळजवळ चार हजार कमी.

तिसरा प्रकार अलीकडचा. काही कंपन्या तुमच्या नावानं अमेरिकेतला खातेक्रमांक देतात, गिऱ्हाईक तिथे स्थानिक पद्धतीनं पैसे भरतं आणि कंपनी ते रुपयांत इकडे पाठवते. पेओनियर त्यातलं जुनं नाव. यांत काही टक्केवारी घेतात, काही दर बिलामागे ठरावीक रक्कम. मधला दर देऊन बिलामागे १९ डॉलर घेणारी कंपनी धरा: साठ डॉलरचे ३,४८५ उरतात, बँकेपेक्षाही कमी, नऊशेचे ७४,८८५, सगळ्यांत जास्त. तिच्या जाहिरातीत ‘दरात काहीही कापत नाही’ असं लिहिलेलं असेल आणि ते खरंही असेल, फक्त एका गोधडीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून तुलना करायची ती शुल्काची नाही. खात्यात पडलेले रुपये भागिले गिऱ्हाइकानं मोजलेले डॉलर, एवढंच. तोच आकडा वहीत प्रत्येक ऑर्डरीपुढे लिहावा, त्या दिवशीचा मधला दर शेजारी टाकावा. वीसेक ऑर्डरी झाल्या की कोणत्या रकमेपर्यंत पेपाल आणि कुठून पुढे बँक, ही रेघ आपोआप दिसते. वरच्या आकड्यांत ती अडीचशे-तीनशे डॉलरच्या आसपास पडते.

आता एक मोह. गिऱ्हाईक ओळखीतलं असतं, कुणाच्या तरी नात्यातलं. ते म्हणतं, “काकू, मी घरी पैसे पाठवते त्याच अ‍ॅपवरून टाकते की!” पैसे येतात, झटकन येतात, दरही छान मिळतो. पण परदेशातून येणाऱ्या पैशाला कारणाचा एक संकेत जोडलेला असतो. मालाची आगाऊ रक्कम `P0103`, घरखर्चासाठी पाठवलेली `P1301`. अ‍ॅपवर ‘कुटुंबाला मदत’ निवडलं की रक्कम घरखर्च म्हणून नोंदली जाते. वेस्टर्न युनियनसारख्या मार्गाला तर रिझर्व्ह बँकेनं व्यापारी पैसे आणायची परवानगीच दिलेली नाही. तिथे एका वेळी २,५०० डॉलर आणि वर्षाला तीस वेळा, तेही वैयक्तिक कारणासाठी. पार्सल निर्यात म्हणून गेलं आणि पैसे घरखर्च म्हणून आले, तर त्या मालाचे पैसे आल्याचा कागद बँक देणार कशावर? जीएसटीचा परतावा घेतला असेल, तर पैसे आल्याचा पुरावा नसताना तो परत करावा लागू शकतो. दोनशे रुपये वाचवून गमावण्यासारखी ही गोष्ट नाही.

बँकेच्या रस्त्यात अडकायची जागा वेगळी. तालुक्याच्या शाखेत खातं असतं, पण परकीय चलनाचं काम बहुधा मोठ्या शहरातल्या विभागात होतं. पैसे आले की तिथून ई-मेल येतो: कारणाचा संकेत कळवा, बिल जोडा, `IEC` क्रमांक द्या. ई-मेल बघितला नाही तर पैसे पोचूनही जमा होत नाहीत, आणि गिऱ्हाईक तिकडून विचारत राहतं की दहा दिवस झाले, मिळाले का. `IEC` म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाचशे रुपयांत निघतो. त्यावरचं नाव, बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एक हवं. क्रमांक सुनेच्या नावावर आणि खातं सासूच्या, असं झालं की पत्रव्यवहार सुरू.

रक्कम कमी पडली तर भांडण्याआधी गिऱ्हाइकाकडून स्विफ्टची प्रत मागवावी. तीत `OUR`, `SHA` किंवा `BEN` यांतलं एक लिहिलेलं असतं. `OUR` म्हणजे वाटेतला खर्च पाठवणाऱ्याचा, `SHA` म्हणजे दोघांचा, `BEN` म्हणजे सगळा आपला. बहुतेक जण काही न बघता `SHA` ठेवतात. नऊशे डॉलरच्या दुकानदाराला बिलावरच लिहून द्यावं की पैसे `OUR` निवडून पाठवावेत. तरीही अधूनमधून मधली एखादी बँक थोडं कापतेच, पण मग निदान कुणी कापलं ते कळतं.

पेपालला वेगळाच धोका आहे. पैसे मिळाले म्हणजे मिळाले असं नाही. पेपालवर गिऱ्हाइकाला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आणि ‘पार्सल पोचलंच नाही’ या तक्रारीपुढे माग काढता येणारा क्रमांक हाच पुरावा. पन्नास-शंभर रुपये वाचवायला साधं टपाल केलं तर गोधडीही जाते आणि पैसेही.

आणि दर? बँकेचा खरेदी दर फळ्यावर लिहिलेला असला तरी दगडावरची रेघ नसतो. नऊशे डॉलरला शाखा बहुधा हलणार नाही. पण दुकानदाराची ऑर्डर वाढून पाच-दहा हजार डॉलरवर गेली, तर रुपये जमा व्हायच्या आधी फोन करून ‘आज किती दराने घेताय’ हे विचारावं. दहा हजार डॉलरवर पन्नास पैसे वाढवून मिळाले तरी पाच हजार रुपये सुटतात, म्हणजे वरच्या हिशेबातल्या जवळजवळ एका अख्ख्या गोधडीचे.