ग्रंथालयातलं ई-पुस्तक आणि चाकणचा लेखक

समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या ऑपरेटरने शिफ्ट सांभाळत मराठी कादंबरी लिहिली आणि स्वतःच ई-पुस्तक काढलं. आता ते ग्रंथालयात लागावं, अशी त्याची इच्छा आहे. छापील पुस्तक असतं तर वाट ओळखीची होती. ग्रंथालय एक प्रत विकत घेतं, शिक्का मारून कपाटात ठेवतं आणि पानं सुटेपर्यंत ती वाचकांना देतं. विकलेली प्रत पुढे कोणाला द्यायची, यावर कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क उरत नाही.

ई-पुस्तकात असं होत नाही. ते वाचकाला देणं म्हणजे प्रत्येक वेळी फाइलची नवी नक्कल करणं, आणि नक्कल करण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचाच असतो. त्यामुळे ग्रंथालयाला पुस्तक मिळत नाही, ते वापरायचा परवाना मिळतो, तोही ओव्हरड्राइव्हसारख्या मध्यस्थ कंपनीमार्फत. वाचक ओव्हरड्राइव्हच्या लिबी ॲपवर ग्रंथालयाच्या कार्डाने पुस्तक घेतो आणि मुदत संपली की ते आपोआप परत जातं.

परवान्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एक परवाना म्हणजे एका वेळी एकच वाचक. मुदत 21 दिवसांची धरली आणि प्रत्येकाने ती पुरेपूर वापरली, तर वर्षात जेमतेम 17 जणांचा नंबर लागतो. मोठे प्रकाशक यावरही मर्यादा घालतात. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये 26 वेळा दिल्यावर परवाना संपेल असा नियम केला, तेव्हा अमेरिकेतले ग्रंथपाल खवळले होते. दुसऱ्या प्रकारात ग्रंथालय आधी काहीच भरत नाही, पुस्तक कोणी घेतलं की तेवढ्यापुरते पैसे देतं. माझ्या मते नवख्या लेखकाने दोन्ही प्रकार खुले ठेवावेत. अनोळखी नावावर ग्रंथपाल आगाऊ पैसे घालायला कचरतो. दुसऱ्या प्रकारात त्याला ती भीती नसते. ग्रंथालयासाठी किंमत 10 डॉलर ठेवली आणि एका वाचनाला तिचा दहावा भाग मिळत असेल, तर दहा वाचनांत एका परवान्याइतकी रक्कम होते. तिच्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा लेखकाकडे येतो.

एकटा लेखक ओव्हरड्राइव्हकडे सहसा थेट जात नाही. ड्राफ्ट2डिजिटल किंवा कोबो रायटिंग लाइफसारख्या वितरकाकडे खातं उघडून ग्रंथालयांचा पर्याय निवडावा लागतो. मराठी पुस्तक घेतात का, हे आधीच विचारून घ्यावं. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत नाव घातलेलं असेल, तर मात्र हे दार बंद. तिथे 90 दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच देता येत नाही, आणि नूतनीकरणाची खूण काढली नाही तर पुढचे 90 दिवस आपोआप सुरू होतात.

खरी अडचण बहुतेकदा फाइलमध्येच निघते. आपल्याकडे कित्येक पुस्तकं अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये जुळवली जातात. पडद्यावर ती सुरेख दिसतात, पण आत युनिकोड नसतं. ओळखायची रीत सोपी आहे: एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर त्या फाइलचा धड ईपब होणार नाही. झाला तरी शोधात एकही शब्द सापडणार नाही. कन्व्हर्टर वापरून युनिकोड करता येतं. पण ‘सुऱ्या’मधला ऱ्य, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात, म्हणून सगळा मजकूर पुन्हा वाचावाच लागतो. ईपबमध्ये भाषाही नेमकी नोंदवायची:

```
<dc:language>mr</dc:language>
```

ही नोंद ‘en’ राहिली, तर मराठी पुस्तकं शोधणाऱ्या ग्रंथपालाच्या यादीत कादंबरी येणारच नाही. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो, पण ई-पुस्तकाला आणि छापील आवृत्तीला वेगळा घ्यावा लागतो.

एवढं केल्यावर कादंबरी न्यू जर्सी किंवा सिंगापूरच्या ग्रंथालयाला घेता येईल, आणि तिथले मराठी वाचक तिची मागणीही नोंदवू शकतील. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाचं काय? 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालची आपली गावोगावची ग्रंथालयं मुख्यतः छापील पुस्तकांवर उभी आहेत. महाविद्यालयांना एन-लिस्टमधून ई-पुस्तकं मिळतात, पण ती अभ्यासाची आणि एकगठ्ठा घेतलेली. तिथे एकट्या लेखकाच्या कादंबरीला जागा नसते.

म्हणून भोसरी-निगडीचा वाचक हवा असेल, तर थोड्या छापील प्रती काढाव्यात आणि ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी एक प्रत द्यावी. यादी निघाली की जवळच्या ग्रंथपालांना त्यातला आपल्या पुस्तकाचा क्रमांक स्वतः जाऊन सांगावा.